बाथरूम कुणाकडे?

कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहत होतो. मी, एक नाशिकची आणि एक सोलापूरची. राहायला गेल्याच्या पहिल्याच रविवारी मी वहीचा कागद आडवा धरला, पट्टीने रेघा मारल्या आणि फ्रिजवर चिकटवून टाकला. तीन नावं, तीन कामं: संडास-बाथरूम, किचन, झाडू-फरशी. प्रत्येक आठवड्याला कामं एका घराने पुढे सरकायची. तीन आठवड्यांत सगळ्यांचं सगळं करून होतं, कुणाला बोलायला जागा राहत नाही. यापेक्षा न्याय्य वाटणी असू शकते असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. आता मात्र मला ठामपणे वाटतं की ती वाटणी समान होती, पण न्याय्य नव्हती. समान आणि न्याय्य यांत नेमका कुठे फरक पडतो, हे त्या कागदानेच पुढच्या सहा महिन्यांत मला दाखवलं.

दुसऱ्या महिन्यात तो कागद मोडला. कुणी आळस केला म्हणून मोडला असं म्हणणं सोपं आहे, आणि तेव्हा आम्ही एकमेकींना तेच म्हणत होतो. खरी गोष्ट वेगळी होती. घरात घाण दोन प्रकारची असते. एक रोजची, म्हणजे ओट्यावरचे चहाचे डाग, जमिनीवरची धूळ, जाळीत अडकलेले केस. ही ज्या आठवड्यात होते त्याच आठवड्यात दिसते आणि निघते. दुसरी साठत जाणारी. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळून यायचं. त्या जड पाण्याचे क्षार नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, टाइल्सवर पांढऱ्या थराने बसतात. एका आठवड्यात तो थर दिसतही नाही. त्यामुळे जिचा आठवडा असेल ती दिसेल तेवढं पुसून मोकळी व्हायची, आणि थर पुढच्या आठवड्याच्या खात्यावर जायचा. तिथून त्याच्या पुढच्या. किचनमध्ये शेगडीमागच्या टाइल्सवरच्या चिकटपणाचंही तेच. कामं फिरती ठेवली की साठणारी घाण कुणाचीच राहत नाही, कारण ती कुणाच्याही आठवड्यात पूर्णपणे पडत नाही. आमच्या कागदावर तिच्यासाठी घरच नव्हतं.

मग एका रविवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी बाह्याच सरसावल्या. बाथरूममधल्या टाइल्सना संडास साफ करायचं आम्लाचं लिक्विड लावलं, वीस मिनिटं ठेवलं, ब्रश मारला, थर सुटला. इतका आनंद झाला की तीच बाटली घेऊन मी किचनमध्ये गेले. ओट्यावर नळाजवळ तसेच पांढरे डाग होते. ओटा काळ्या कडाप्प्याचा. ओतलं, आणि बारीक फेस आला. मला वाटलं डाग निघतोय. पाण्याने धुतल्यावर पाहिलं तर तळहाताएवढी जागा राखाडी, खरखरीत झाली होती. तिच्यावरची झिलई कायमची गेली. कारण नंतर कळलं. जड पाण्याचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कडाप्पा काय किंवा शहाबादी फरशी काय, हे चुनखडीचेच दगड, म्हणजे तेही तेच. आम्लाला डाग कोणता आणि दगड कोणता हे ओळखता येत नाही, ते दोन्ही खातं. फेस आला तो डागाचाही होता आणि ओट्याचाही. सिरॅमिक टाइल आणि कमोडला जे चालतं ते चुनखडीच्या दगडाला चालत नाही. तिथे साबणाचं पाणी, प्लास्टिकची पट्टी आणि चिकाटी. फ्लॅट सोडताना घरमालकांनी डिपॉझिटमधून त्या डागाचे पैसे कापले, आणि ते योग्यच होतं.

हा प्रसंग सांगायचं कारण असं की त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ‘साफ’ या शब्दावर बोललो. नाशिकची म्हणाली, ‘अगं, तू कागदावर बाथरूम लिहिलंस, पण बाथरूम म्हणजे काय ते कुठे लिहिलंस?’ खरंच लिहिलं नव्हतं. तिच्या लेखी बाथरूम झालं म्हणजे कमोड आणि जमीन. माझ्या लेखी टाइल्स, बादल्या, आरसाही. सोलापूरच्या लेखी जमीन वायपरने कोरडी झाल्याशिवाय काहीच झालेलं नाही, कारण ओल राहिली की कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तिघीही आपापल्या व्याख्येप्रमाणे काम पूर्ण करत होतो आणि तिघींनाही बाकीच्या दोघी कामचुकार वाटत होत्या.

त्या रात्री आम्ही एक छोटा प्रयोग केला. घरातल्या एकूण साफसफाईतला किती टक्के भाग आपण करतो, ते प्रत्येकीने चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं. माझ्या चिठ्ठीवर ४५ निघाले, दोघींच्या चिठ्ठ्यांवर ४०-४०. बेरीज १२५. मानसशास्त्रज्ञ रॉस आणि सिकोली यांनी १९७९मध्ये नवरा-बायकोच्या जोड्यांना असेच प्रश्न विचारले होते, आणि तिथेही दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा एकूणाच्या वर गेली होती. यात कुणी खोटं बोलत नसतं. आपण घासलेला कोपरा आपल्या मनगटाला आठवत असतो. दुसरीने घासलेला कोपरा आपल्याला फक्त स्वच्छ दिसतो, आणि स्वच्छ जागा नजरेत भरत नाही.

म्हणून आम्ही आधी मोजलं. एक आठवडाभर घड्याळ लावून. संडास-बाथरूमला आठवड्यातून एकदा, नीट केलं तर चाळीस मिनिटं. किचन रोज रात्री: ओटा, शेगडी, सिंक, कचऱ्याची पिशवी बांधणं, मिळून पंधरा मिनिटं, आठवड्याची एकशेपाच. झाडू-फरशी आठवड्यातून तीनदा, दर वेळी पंचवीस, म्हणजे पंचाहत्तर. मिनिटांनी पाहिलं तर बाथरूम हे सगळ्यांत हलकं काम निघालं. तरीही ‘या आठवड्यात बाथरूम माझ्याकडे आहे’ हे वाक्य तिघींपैकी कुणीही सरळ आवाजात म्हणत नव्हतं. म्हणजे घड्याळ हे या कामाचं माप नव्हे.

इथे कुणीही विचारेल की मग बाई का नाही लावली. विचारून पाहिलं होतं. खालच्या मजल्यावर येणाऱ्या मावशींनी झाडू-फरशी आणि भांड्यांचा एक दर सांगितला, आणि बाथरूमचा विषय काढल्यावर म्हणाल्या, ‘ते मी करत नाही. करणारी वेगळी, ती वेगळे पैसे घेते.’ आम्हाला दोन्ही परवडण्यासारखं नव्हतं. पण त्यांच्या उत्तरात आमच्या कागदावरची चूक स्पष्ट होती. मिनिटांत जे दिसत नव्हतं, ते त्यांच्या दरात होतं. काही कामांना वेळेखेरीज आणखी एक वजन असतं, आणि ते प्रत्येकासाठी वेगळं असतं.

हे वजन मोजायची एक पद्धत आहे. कामांच्या वाटणीचा हा प्रश्न मार्टिन गार्डनर यांनी १९७८मध्ये कोड्याच्या रूपात मांडला होता: नकोशा गोष्टी अशा कशा वाटायच्या, की कुणालाही दुसऱ्याचा वाटा आपल्यापेक्षा हलका वाटू नये? दोन माणसं असली तर उत्तर आपल्याकडच्या भाऊबंदकीतही सापडतं: एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने उचलायचा. तीन झाले की गोष्ट अवघड होते. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९मध्ये फ्लॅटमेट्सनी खोल्या आणि भाडं कसं वाटावं यावर लिहिलेला निबंध याच घराण्यातला. आम्ही त्यातलं मोठं गणित वापरलं नाही, फक्त कल्पना घेतली. प्रत्येकीला शंभर गुण. जे काम जितकं नकोसं, त्याला तितके जास्त. एकमेकींचं न बघता लिहायचे.

मी बाथरूमला साठ दिले, किचनला पंचवीस, फरशीला पंधरा. नाशिकचीला धुळीची ॲलर्जी, झाडू मारला की संध्याकाळभर शिंका; तिने बाथरूमला पंचेचाळीस, किचनला पंचवीस, फरशीला तीस दिले. सोलापूरची रात्री अकराला कामावरून यायची. तेव्हा रोजचं किचन तिला डोंगर वाटायचं. तिने किचनला पन्नास, बाथरूमला तीस आणि फरशीला वीस दिले.

आता फिरत्या कागदाचा हिशेब करून बघा. तीन आठवड्यांत प्रत्येकीला तिन्ही कामं येतात, म्हणजे स्वतःच्या मोजमापाने प्रत्येकीवर आठवड्याला सरासरी तेहेतीसचा भार. त्याऐवजी तिघींचा मिळून भार सर्वांत कमी होईल अशी कामं कायमची वाटून दिली तर? फरशी माझ्याकडे, पंधरा. किचन नाशिककडे, पंचवीस. बाथरूम सोलापूरकडे, तीस. तिघीही तेहेतीसच्या खाली. घरातलं काम एका मिनिटानेही कमी झालं नाही, पण तिघींनाही ते हलकं झालं. फिरती पाळी इथेच हरते. जिला धुळीने शिंका येतात तिच्या हाती झाडू द्यायचा, जी अकराला येते तिला ओटा पुसायला लावायचं, आणि याला समानता म्हणायचं. एक अडचण उरली होती. सोलापूरच्या हिशेबात तिचं काम तीसचं आणि माझं वीसचं. तिला माझा वाटा हलका वाटणारच. म्हणून बाथरूममधून बेसिन आणि आरसा काढून माझ्या फरशीला जोडले. तिच्या मते बेसिन सातचं. आता तिचं काम तेवीस, माझं सत्तावीस. माझ्या मते बेसिन आठचं, म्हणजे माझा भार तेवीस, जो किचनच्या पंचवीसपेक्षा अजूनही कमी. नाशिकला तिच्या किचनपेक्षा हलकं काही दिसेना. कुणालाच दुसरीच्या जागी जायचं नव्हतं.

काम कायमचं झाल्यामुळे साठणाऱ्या घाणीचा प्रश्नही सुटला. पुढच्या आठवड्यातही बाथरूम आपल्याचकडे आहे म्हटल्यावर सोलापूरची दर पंधरा दिवसांनी नळाची जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवायला लागली. थर कोवळा असतानाच निघाला तर आम्लाची बाटली लागतच नाही, हे तिने शोधलं. नव्या कागदावर आम्ही दोन ओळी वर लिहिल्या. पहिली: स्वतःचं ताट, स्वतःचे केस, सांडलेला चहा हे कुणाच्याही यादीत नाही, ते ज्याचं त्याने लगेच. ही ओळ नसेल तर यादी हा परवाना होतो. सिंकमध्ये कढई टाकून ‘किचन तुझ्याकडे आहे ना’ म्हणता येतं. दुसरी ओळ लाल पेनाने: आम्लाचं लिक्विड आणि ब्लीच कधीही एकत्र नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी नसलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दोन महिने घर इतकं नीट चाललं की मी मैत्रिणींना ही पद्धत सांगत फिरले. एका रविवारी सकाळी मी सोफ्यावर चहा घेत होते आणि सोलापूरची कमोड घासत होती. माझी फरशी शनिवारीच झाली होती. मी सहज विचारलं, ‘तुला याचा खरंच एवढा त्रास होत नाही?’ ती आतूनच म्हणाली, ‘आमच्या चाळीत सामायिक संडास होता. आमचा वार आला की मीच जायचे. भाऊ होते, पण थोरली मुलगी मी. सवय आहे.’ मग पाणी ओतल्याचा आवाज आला.

मला तो चहा संपवता आला नाही. कागदावर मी जिला तिची आवड समजत होते, ती कुणीतरी तिच्याकडून करून घेतलेली सवय होती. माझे साठ गुणही तसेच आले होते. आमच्या घरी संडास धुवायला बाई यायची, मला कधी हात लावावा लागला नाही, म्हणून मला तो डोंगर वाटला. म्हणजे आमची पद्धत काय करत होती? जिला कधीच करावं लागलं नाही तिला सूट देत होती, आणि जिच्यावर नेहमी टाकलं गेलं तिच्यावर पुन्हा टाकत होती. गणित बरोबर होतं. त्यात भरलेले आकडे निष्पाप नव्हते.

ही गोष्ट आमच्या फ्लॅटपुरती नाही. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि करणारे पुरुष ९७. एखाद्या जोडप्याने आमची शंभर गुणांची पद्धत वापरली तर काय होईल, ते या दोन आकड्यांवरूनच कळतं. ती स्वयंपाकघराला कमी गुण देईल, कारण तिचा हात बसलेला आहे. तो भरपूर देईल, कारण त्याला काहीच येत नाही. पद्धत प्रामाणिकपणे सगळं तिच्याकडे सोपवेल, आणि दोघंही म्हणतील, बघ, आपण स्वखुशीने वाटून घेतलं.

आपल्याकडे संडासाच्या बाबतीत तर ही सवय शेकडो वर्षं जातीने लावलेली आहे. ते काम एका समाजाला चिकटवलं गेलं आणि मग ‘त्यांना त्याचं काही वाटत नाही’ असंही म्हटलं गेलं. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करायचं काम स्वतःसाठी मागितलं. तुरुंगात ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जायचं, म्हणून त्यांना ते नाकारलं गेलं. अप्पासाहेबांनी त्याविरुद्ध उपास धरला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून उपास केला. एका ब्राह्मण पदवीधराला संडास साफ करण्यासाठी उपाशी राहावं लागलं, कारण काम कुणाला जमतं किंवा कुणाला कमी नकोसं वाटतं यावर त्याची वाटणी झालेली नव्हती. गांधीजींच्या आश्रमांमध्ये संडास सफाई सगळ्यांकडे आळीपाळीने असायची, त्यामागे हाच विचार होता. ज्याला ते सर्वांत सोपं जातं त्याच्याकडे ते कायम ठेवणं, ही तिथे सोय नव्हती, तोच तर मूळ रोग होता.

म्हणून मी आता फिरत्या पाळीच्याही बाजूने आहे आणि गुणांच्याही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. फरशी आणि ओटा यांच्याभोवती कुणाच्या अंगावरचा कलंक नाही. तिथे शिंका आणि रात्रीचे अकरा यांचा विचार व्हावा, आणि ज्याला जे हलकं ते त्याने कायम घ्यावं. संडासाचं तसं नाही. तिथे प्रत्येकाने आपल्या वाट्याची पाळी उचलावी, जास्त भार पडला तरी. मला साठ वाटतं म्हणून मला सूट मिळू नये. मला साठ का वाटतं हे हातात ब्रश धरल्याशिवाय मला कळणारच नव्हतं. यात थोडा तोटा आहे हे मान्य आहे. तीन आठवड्यांतून एकदा माझ्यामुळे कमोड सोलापूरच्या हातासारखा चमकत नाही. तो तोटा सोसावा असं मला वाटतं.

कागद पुन्हा बदलला. कमोड आणि त्याची जमीन फिरती, दर रविवारी. मोरी, टाइल्स, बादल्या, क्षार सोलापूरकडेच. माझ्या पहिल्या रविवारी ती दारात उभी राहून सांगत होती. आधी कोरडे केस उचल, ओले झाले की चिकटतात. लिक्विड कडेच्या आतून गोल फिरव, ब्रश लगेच मारू नकोस. मागच्या बिजागऱ्यांखाली बघ, वास तिथून येतो. शेवटी वायपर आतून दाराकडे. मी नाकाला रुमाल बांधला होता. तिने बांधलेला मी कधी पाहिला नव्हता.

दिवाळीनंतर फरशी आणि किचनचे गुण पुन्हा एकदा लिहायचे ठरले, कारण तिची शिफ्ट बदलली होती. संडास-बाथरूमचा रकाना जुन्या कागदावरून तसाच उतरला होता, म्हणून तिघींनी तोही भरला. मी साठचे चाळीस केले होते. सोलापूरची चिठ्ठी उघडली तर तिथे पंचेचाळीस होते.

‘आधी तीस लिहिले होतेस,’ नाशिकची म्हणाली.

‘हो,’ ती म्हणाली. ‘तेव्हा मला वाटलं होतं, ते माझंच आहे.’

मग तिने पट्टी घेतली आणि नव्या कागदावर रेघा मारायला बसली.